जन्मनोंदणीच्या खिडकीवरच्या शकुंतलाताई

शकुंतलाताई ढोके यांना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोऱ्या. नोकरीचा पहिला दिवस होता. चरोद्याहून लोकलने आणि पुढे शेअर ऑटोने मी हिंदी मुलखातल्या आमच्या महापालिकेच्या झोन कार्यालयात पोचलो, तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत ताई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा अर्ज त्यांच्याच पेनाने भरत होत्या. पाच मिनिटांनी वळल्या, माझी नेमणूकपत्राची पिशवी पाहिली आणि विचारले, "कुठचा होय तू?" मी म्हटले, आजोबा तुमसरचे, वडील रेल्वेत. "मग मराठी येते ना? बस मंग. इथं येनारे अर्धे लोक आपलेच हायेत. त्यांच्यासंगं हिंदी नको झाडू."

ताई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात मी लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. त्याचे कारण या लेखात येईलच.

जन्माच्या दाखल्याचे काम बाहेरून फार सोपे वाटते. एकवीस दिवसांत कळवले तर लगेच नोंद. त्यानंतर वर्षाच्या आत आले तर प्रतिज्ञापत्र आणि वरिष्ठांची परवानगी. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पण दवाखान्यात न जन्मलेल्या बाळासाठी पुरावा कोणता, हे कायद्यात इतके स्पष्ट नाही. पुरावा 'पुरेसा' हवा. पुरेसा म्हणजे किती, हे खिडकीच्या आत बसलेला बाबू ठरवतो. ताईंच्या आधीचे बाबू दवाखान्याच्या चिठ्ठीशिवाय बोलत नसत. ताई लसीकरणाचे कार्ड घेत, अंगणवाडीच्या रजिस्टरचा उतारा घेत, सुईणीचा जबाब स्वतः लिहून त्यावर तिचा अंगठा घेत. नियम तोच, खुर्चीही तीच. त्या खुर्चीवर कोण बसले आहे यावर एखाद्या मुलाला दाखला मिळे किंवा न मिळे.

त्यांच्या दोन सवयी मी अजून पाळतो. एक, काय काय लागेल ते सगळे पहिल्याच फेरीत अर्जाच्या मागे पेन्सिलीने लिहून द्यायचे. आम्ही बाकीचे एका वेळी एकच त्रुटी सांगत असू. दुसरी सवय परतीच्या वहीची. ज्याला कागदासाठी परत पाठवले, त्याचे नाव आणि पत्ता त्या एका साध्या वहीत लिहीत. दर शुक्रवारी ती उघडून जो आला नसेल त्याला वॉर्डातल्या मितानिनबाईंकडून, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेकडून, निरोप धाडत. ही वही कोणत्याही आदेशात नव्हती. "जो भांडते तो येतेच," त्या म्हणत. "जो चूपचाप जाते त्याची काळजी."

ताई देवमाणूस होत्या असे मी लिहिणार नाही. त्यांना ते आवडायचेही नाही. दुपारी तीननंतर त्यांचा आवाज चढे. चेहरा पाहून माणूस ओळखतो असा त्यांचा समज होता आणि तो एकदा चांगलाच चुकला. एका गोडबोल्या गृहस्थांनी मुलाचे वय कमी दाखवण्यासाठी खोटी जन्मतारीख दिली. ताईंनी विश्वासाने नोंद केली आणि त्यांच्यावर लेखी खुलासा द्यायची वेळ आली. साहेबांनी तोंडी बजावले, यापुढे पक्का कागद असल्याशिवाय नोंद नको. ताईंनी खुलासा दिला आणि काम पूर्वीसारखेच चालू ठेवले. घाबरलो मी.

त्याच हिवाळ्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दीड महिना रजेवर गेल्या आणि खिडकी माझ्याकडे आली.

डिसेंबरात इंदूबाई आल्या. मूळच्या गोंदियाकडच्या. रसमड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम, राहायला आमच्याच झोनमधली भाड्याची खोली. मुलगी त्या खोलीतच जन्मली होती, अकरा महिन्यांपूर्वी. म्हणजे वर्ष भरायला तीन आठवडे होते.

"सायेब, पोरीचा दाखला पायजे होता," त्या म्हणाल्या.

"अस्पताल का कागज लाओ," मी म्हणालो. मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायला मी तोवर शिकलो होतो. त्याने माणूस आपोआप चार हात लांब उभा राहतो.

"दवाखान्यात नाई झाली, सायेब. घरीच झाली."

"तो फिर नर्स का कुछ लाओ।"

आठवड्याने त्या परत आल्या. एक दिवसाची मजुरी बुडवून. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तारीख लिहून दिलेले जच्चा-बच्चा कार्ड, म्हणजे बाळ-बाळंतिणीचे कार्ड, घेऊन. ताईंनी प्रतिज्ञापत्र तिथल्या तिथे करवून परवानगीचा प्रस्ताव त्याच दिवशी वर पाठवला असता. मला कार्डावर 'इंदिरा' आणि अर्जावर 'इंदू' दिसले. मी प्रतिज्ञापत्र मागितले.

"आनखी काई लागन का, सायेब? एकदाच सांगा. सुट्टी भेटत नाई."

"पहले ये लाओ।"

मी पेन्सिल उचलली नाही. दोन आठवड्यांनी मुदत संपते हेही सांगितले नाही. वहीत नावही लिहिले नाही. त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वर्ष उलटून चार दिवस झाले होते. मी कार्ड आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही परत देऊन सांगितले, अब कोर्ट का मामला है.  इंदूबाई कागद पदरात गुंडाळून निघून गेल्या. मला त्या क्षणी काय वाटले ते लिहिणे भाग आहे: एक फाईल कमी झाली, असे वाटले.

फेब्रुवारीत ताई काठी टेकत रुजू झाल्या. आल्या आल्या वही उघडली. दीड महिन्याची पाने कोरी होती. त्यांनी पाने मागेपुढे केली, माझ्याकडे पाहिले आणि वही मिटली. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

इंदूबाई तशा गेल्या त्याला नऊ वर्षे झाली, तेव्हा मी त्याच विभागाचा प्रमुख होतो. एके दिवशी खिडकीवर इंदूबाई उभ्या राहिल्या, शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी. पायल. सहावीपासूनच्या निवासी शाळेची परीक्षा तिला द्यायची होती, पण अर्जात वय दोन महिन्यांनी जास्त भरत होते. पहिलीत घालताना दाखला नव्हता. गुरुजींनी मूल सहा वर्षांचे व्हावे म्हणून अंदाजाने एक जुलै ही तारीख टाकली, खऱ्या तारखेपेक्षा सहा महिने आधीची. दाखल्याविना मुलगी घरी बसू नये एवढाच त्यांचा हेतू होता. आता शाळा म्हणत होती, जन्माचा दाखला आणा, मग तारीख बदलू.

मी ओळखले नाही. त्यांनी ओळखले.

"सायेब, तुमीच होते तवा. मी तीनदा आली होती."

त्या संध्याकाळी मी नेहरू नगरात ताईंच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ताई समजूत घालतील अशी मला आशा होती. 

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "दीड महिन्यात एक बी मानूस परत गेला नाई, असं होत असते का? वही कोरी पाहूनच समजलं. पन मी तुले इचारलं नाई. गुडघा दुखून राहिला होता. वाटलं, आता एक वर्स राहिलं, कायले झंझट. तू तिले हाकललं, अन् मी तुले सोडून देलं."

मग उठून चप्पल शोधू लागल्या. "उद्या कोनत्या वेळी येते ती?"

पुढचे दोन महिने एकाहत्तर वर्षांच्या ताई इंदूबाईंसोबत फिरल्या. मी आमच्याकडचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला तासाभरात दिला. तेवढेच माझ्या हातात होते. ते जुने कार्ड एका पावसाळ्यात भिजून गेले होते. उपकेंद्राची त्या वर्षांची रजिस्टरे रद्दीत गेलेली, नर्सबाई बदलून बस्तरकडे गेलेल्या. शेवटी अंगणवाडीच्या पेटीत वजनाचे रजिस्टर सापडले. त्यात पहिल्या महिन्याच्या रकान्यात पायलच्या आईचे नाव आणि बाळाची जन्मतारीख होती. नाव 'इंदिरा'च लिहिले होते. यावेळी कोणी हरकत घेतली नाही.

दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मात्र तारखेमागून तारीख पडत गेली. एकदा मी सोबत होतो. बाकावर तीन तास बसल्यावर तिथल्या तरुण बाबूने मान वर न करता सांगितले, "माताजी, आज नहीं होगा। अगले हफ्ते आना।" मी पुढे होऊन ओळख सांगणार होतो. ताईंनी माझा हात धरला.

"राहू दे. मी बी असंच मान खाली घालून कितीकांना म्हनलं असन. तीन वाजल्यावर." बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले.

आदेश झाला. त्याच दिवशी मी नोंद केली आणि दाखला इंदूबाईंच्या हातात दिला. निवासी शाळेच्या अर्जाची मुदत पाच आठवड्यांपूर्वी संपली होती. पुढल्या वर्षी सहावीसाठी बसायला पायल पाचवीत नव्हती. ती आता वस्तीजवळच्या सरकारी शाळेत नववीत आहे. हुशार आहे. तिथे विज्ञानाला शिक्षक नाही. ताई तिच्यासाठी जुनी पुस्तके गोळा करून ठेवतात आणि ती रविवारी येऊन नेते. याने काही भरून निघत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

पंचाहत्तरीच्या या सोहळ्याचे निमंत्रण द्यायला मी गेलो, तेव्हा ताईंनी पहिला प्रश्न केला, "इंदूबाईले सांगतलं का?" मी म्हणालो, धीर झाला नाही. "मंग मी कायले येऊ? माझे गोडवे ऐकाले?" आणि दारापर्यंत आल्यावर म्हणाल्या, "लिहशीन तर सगळं लिही. माझं बी."

म्हणून हा लेख. ताईंच्या खिडकीतून नाव घेऊन गेलेली हजारो माणसे या गावात आज नोकऱ्या करतात, शाळेत जातात, त्यांना त्या खिडकीची आठवणही नसेल. काम नीट झाले की असेच होते. आठवण राहते ती आमच्यासारख्यांची.

गेल्या रविवारी मी इंदूबाईंच्या खोलीवर जाऊन आलो. यावेळी मराठीत बोललो. इंदूबाईंनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, वाचून पायलकडे दिली.

"येईन," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाई, सायेब. ताईसाठी येईन."

शकुंतलाताईंना निरोगी, सुखाचे आणि भरपूर आयुष्य लाभो. त्यांचा गुडघा त्यांना साथ देवो. आणि पायल जे काही होईल, ते पाहायला त्या इथेच, आमच्यात असोत.