चौथ्या वर्गातली साखर

रक्तातली साखर कमी झाली तर काय करायचं, हे मी चौथ्या वर्गाला ठेवलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. परळच्या एका इस्पितळात मी नवाकोरा आहारतज्ज्ञ होतो, आणि मधुमेहाच्या रोग्यांसाठी दर बुधवारचे चार सामुदायिक वर्ग आखायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या कच्च्या आराखड्यात मी ऐटीत लिहिलं, ‘रुग्णांना मधुमेह समजेल.’ वॉर्डच्या सिस्टर वयानं मोठ्या. कागद वाचून त्या म्हणाल्या, “समजला हे तुला कसं कळणार? पोट कापून बघणार आहेस का? माणूस काय करून दाखवेल ते लिही.”

मग मला चेवच आला. पहिला वर्ग : ‘रुग्ण गोड पदार्थ ओळखून नाकारेल.’ दुसरा : ‘भात वाटीनं मोजेल.’ तिसरा : पायांची निगा. उरलंसुरलं चौथ्यात. पहिल्या वर्गाची वीस मिनिटं मी स्वादुपिंडाचं रंगीत चित्र काढण्यात घालवली. ते वांग्यासारखं दिसत होतं. मागच्या बाकावरचा एक विणकर हसत म्हणाला, “सायब, ह्याचं भरीत चालंल का?” गिरणीतला धिप्पाड माणूस, रोज सकाळी इन्शुलिन घेणारा. वर्ग संपताना मी एकेकापुढे गोड चहाचा कप धरला, तेव्हा हात जोडून सगळ्यात आधी नको म्हणणारा तोच. मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

पुढच्या बुधवारच्या आधीच हरताळ पडला. तो जेवायचा ती लालबागची खाणावळ बंद होती. सुई मात्र त्यानं नेमानं टोचून घेतली. दुपारी तो उपाशीपोटीच खाणावळवाल्या मावशींच्या ओट्यावर येऊन बसला, घामानं चिंब, हात थरथरतायत. मावशींनी घरातला चहा आणला, साखर घातलेला. त्यानं हात जोडले. “नको मावशी, साखर बंद हाय. वर्गात सांगितलंय.” त्या त्याला आडवं करून वारा घालत बसल्या. रस्ते अडलेले. इस्पितळात आणेपर्यंत फार उशीर झाला होता.

स्वादुपिंडाचं ते चित्र मी फाडलं. आराखडा नव्यानं लिहिला. पहिला वर्ग, पहिली ओळ : ‘घाम, थरथर, घाबरं होणं ही लक्षणं रुग्ण स्वतःच्या तोंडानं सांगेल, आणि खिशातली साखरेची पुडी काढून दाखवेल.’ खाली जोडलं, ‘सुई घेतली की जेवण चुकवणार नाही.’ आणि ज्यांच्या हातचं हे लोक जेवतात, त्यांनाही वर्गाला बोलवायचं.

मावशी आल्या. माझ्या आराखड्यात होतं म्हणून मी त्यांनाही विचारलं, “सांगा, अशा वेळी काय कराल?”

“शुद्धीत असंल तर साखरेचं पाणी पाजीन, मग जेवू घालीन. शुद्ध गेली तर तोंडात काय घालणार नाय, इथं आणीन.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “शिकवता चांगलं, सायब. त्यानं तुमचं सगळं ऐकलं. तुमीच उलट्या टोकाकडनं सुरू केलंत.”