सोनीबाईचा आवाज सोडून सगळे

आरमोरीत हाफिजभाईंच्या तोंडून साधं 'या, बसा' ऐकलं तरी भोंग्यातून आल्यासारखं वाटतं. माणूस बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण आवाज असा की चहा मागितला तरी चौकातले चार जण वळून बघतात. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतली नाटकं चालतात आणि त्यातल्या निम्म्या नाटकांना साउंड हाफिजभाईंचा. एकतीस वर्षं झाली. त्याआधी त्यांचे अब्बा अयूबमिया बैलगाडीवर भोंगा बांधून दंडारीला, गावोगावच्या नाच-सोंगांच्या खेळाला, जायचे.

हाफिजभाईंचा एक कायदा आहे आणि तो ते बोट वर करून सांगतात, "कलाकाराले कलाकार ऐकू आला पायजे! पब्लिक गेली तेल लावत." म्हणजे स्टेजवर नटाच्या पायाशी जो उलटा डबा ठेवलेला असतो, मॉनिटर, त्यात त्या नटाचा स्वतःचा आवाज भरपूर द्यायचा. तो ऐकू आला की नट खुश. नाही आला की मधल्या प्रवेशात विंगेकडे बघून डोळे वटारणार.

या कायद्यानेच गेल्या फेब्रुवारीत घोळ केला.

झालं असं, की कॉलेजात शिकवणाऱ्या इंदुताईंनी जुन्या नटांचा पॉडकास्ट सुरू केला. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर कधीही ऐकायच्या गप्पा. जागा हाफिजभाईंच्या साउंडचं गोदाम, कारण तिथे गाद्यांचे ढीग आहेत आणि आवाज घुमत नाही. यंत्रं हाफिजभाईंची. समोर खुर्चीवर गुणवंतराव, बावीस वर्षं खलनायक केलेले. त्यांना अजून सवय अशी, की नुसतं 'पाणी द्या' म्हणतानासुद्धा आधी एक भिवई वर जाते, मग घसा खाकरतात, मग 'पा...णी' येतं.

पाहुण्या मात्र आरमोरीत नव्हत्या. सोनीबाई, वय अठ्ठ्याहत्तर, आता राजुऱ्याला मुलाकडे. एकेकाळी त्या स्टेजवर उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतली बाई पोराच्या तोंडातला चिवडा काढून त्याला गप्प करायची, असं म्हणतात. प्रवास जमत नाही, म्हणून त्या मोबाइलवरून बोलणार, कानात इअरफोन घालून. त्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये यायचा, तिथून मिक्सरच्या पाच नंबरच्या चॅनेलवर. आणि इथला आवाज मिक्सरच्या मॉनिटरच्या वाटेने परत लॅपटॉपमध्ये, तिथून राजुऱ्याला.

सकाळी दहाला सुरुवात. माइक चालू होताच इंदुताई बोलण्यात एकदम पुण्याला पोचल्या.

"नमस्कार श्रोतेहो! आज आपल्यासोबत आहेत ज्येष्ठ अभिनेत्री सोनीबाई. सोनीबाई, पहिलं नाटक आठवतं?"

"आठवते ना, मी तेव्हा..." सोनीबाई थांबल्या. "मी तेव्हा... अं... तेव्हा मी, पंध... पंधरा... काय मन्लं?"

"सावकाश सांगा."

"हो. मी, मी... आमी वडशाले... वड... बाप्पा, कोण बोलून राह्यलं मधात?"

कोणीच बोलत नव्हतं. गोदामात तिघांच्या कानावर हेडफोन होते आणि तिघांनाही सोनीबाईंचा आवाज स्वच्छ येत होता, एकदाच. इंदुताईंनी माइक बंद केला आणि पुण्याहून परत आल्या.

"हाफिजभाई, काऊन असं होऊन राह्यलं? गडबड आहे का काई?"

"इथी तं एकदम क्लिअर आहे, ताई."

गुणवंतरावांची भिवई वर गेली. घसा खाकरला. "वय!" म्हणाले. "वय झालं बाईचं. पाच-पाच पानांचं भाषण एका दमात म्हणणारी बाई. आता शब्द सापडून नाई राह्यला."

सोनीबाईंच्या कानातले इअरफोन काढून त्यांची सून आशाबाई आपल्या फोनवरून इंदुताईंच्या मोबाइलवर आली, स्पीकरवर. ती प्रत्येक वाक्य हळू आवाजात सुरू करते आणि शेवटी आणखी हळू करते.

"ताई, आई आजकाल विसरते जराशी. डॉक्टरले दाखवाचंच आहे. तुमी नका तरास देऊ तिले. राहू द्या."

आणि मागून, सुनेला वाटलं असेल की ऐकू जात नाही, पण सगळं ऐकू आलं. सोनीबाई म्हणाल्या, "खरंच वं आशा. माई जीभ संपली वाटते."

हाफिजभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक डाव अजून," ते म्हणाले. "बाई, एक डाव. माया साउंडची गलती असन."

आता त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सरळ आहे. सोनीबाई स्टेजवर असताना सारख्या खूण करायच्या, मॉनिटरमध्ये मीच मला पाहिजे, अजून दे. म्हणजे आजही बाईला स्वतःचा आवाज पुरत नसणार! मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला खाली एक सरकवायचं बटण असतं, फेडर, ते रेकॉर्डिंगसाठी. वर एक फिरवायचं निळं बटण, ते मॉनिटरसाठी. पाच नंबरचं निळं बटण आधीच अर्ध्यावर होतं. हाफिजभाईंनी ते पार शेवटपर्यंत फिरवलं. राजुऱ्याला इअरफोन पुन्हा कानात गेले.

"आता बोला, बाई. आता मस्त येईन."

"मी तेव्हा प... प... मी... आशा, काढ हे! काढ कानातून!"

फोन कट.

इंदुताई गाद्यांच्या ढिगावर बसल्या. "जाऊ द्या, हाफिजभाई. बिचारीले अजून रडवाचं नाई."

"असं कसं जाऊ द्या? दोन मिनटाआधी आशाबाईले 'माई जीभ संपली' म्हणाली, तवा एक शब्द अटकला का? तुमी फोन लावला तवा अटकली का? इथी अटकते. माया मशीनपाशी अटकते!"

"मंग मशीन बदला," गुणवंतराव म्हणाले.

"मशीन नाई बदलत. मी बदलतो."

हाफिजभाईंनी खिशातून स्वतःचे इअरफोन काढून कानात घातले, मोबाइल घेतला आणि इंदुताईंना सांगितलं, एकही बटण हलवू नका. सोनीबाईच्या जागी मला कॉलमध्ये घ्या. आणि गोदामाबाहेर पडून, गल्ली ओलांडून, पिठाच्या गिरणीच्या मागे जाऊन उभे राहिले.

गोदामात हेडफोनवर त्यांचा आवाज आला. जगात काहीही झालं तरी हाफिजभाई माइकवर जे बोलतात तेच बोलले.

"हॅलोऽऽ... माइक टेस्टिंग... एक..."

मग काहीच नाही.

"एक... दो... ए... हॅलो? एक... अबे..."

गुणवंतरावांची भिवई यावेळी आपोआप वर गेली. एकतीस वर्षं ज्या माणसाने हजार गावांत तीनपर्यंत मोजलं, तो दोनवर अडकला होता.

"ताई!" हाफिजभाई ओरडले, आणि ते ओरडणंही त्यांच्याच कानात अर्ध्या सेकंदाने परत आलं असणार, कारण पुढे "ता... आई... थांबा" असं काहीतरी झालं. फोन ठेवून ते धावतच आले. चष्मा कपाळावर.

"मी बोलतो, आन् माया मांगून मीच बोलतो! जरासा उशिरानं. तोंड म्हणते पुढे चाल, कान म्हणते थांब, अजून पयलं संपलं नाई. अशात कोन बोलन? बाईचा आवाज मी बाईलेच वापस पाठवून राह्यलो होतो."

"पण स्टेजवर तं तुमी तेच करता ना?" इंदुताई म्हणाल्या.

"स्टेजवर डबा पायाशी आहे, ताई. आवाज लगेच येते. हा राजुऱ्याहून इथी येते, इथून राजुऱ्याले जाते. रस्त्यात वेळ लागते."

"आमाले काऊन नाई आला दुसरा आवाज?"

"तुमाले एकदाच भेटते. वापसीचा फक्त तिच्याच कानात जाते."

"मंग पाच नंबर बंद करा."

"बंद नाई! बंद केला तं रेकॉर्डिंगमधून बाईच गायब." हाफिजभाईंनी बोट ठेवून दाखवलं. "खालचा फेडर आहे तिथीच. वरचं निळं बटण फक्त. एक नंबर तुमी, जाऊ द्या बाईकडे. दोन नंबर गुणवंतराव, जाऊ द्या. तीन नंबरवर जुनी गाणी आहे, तेबी जाऊ द्या. बाईकडे सगळे जातीन, बाई सोडून."

बोलले खरं, पण बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. कलाकाराचा मॉनिटर शून्य! असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. डावीकडे जरासं फिरवलं, थांबले. पुन्हा जरासं. मग डोळे मिटून पार शून्यावर नेलं.

आशाबाईला फोन लावायला इंदुताईंना पाच मिनिटं लागली, आणि मनवायला वीस. "आई नाई म्हणते," आशाबाई हळू म्हणाली. शेवटी हाफिजभाईंनीच फोन घेतला. "बाई, मी हाफिज. तुमाले काई झालं नाई. मलेबी दोनच्या पुढं मोजता नाई आलं. विचारा गुणवंतरावले."

"खरं आहे," गुणवंतराव म्हणाले. यावेळी घसा न खाकरता.

सोनीबाई पुन्हा आल्या. "हॅलो... मी बोलून राह्यली... आता बरं आहे. पण दूर कोनीतरी कुजबुजते. मी बोलली का तेबी बोलते."

हाफिजभाईंनी निळं बटण पाहिलं. शून्य. पुन्हा पाहिलं. तरी शून्य. मग टेबलावर नजर गेली. गुणवंतरावांनी कान तापतात म्हणून हेडफोन काढून आपल्या माइकच्या शेजारी ठेवले होते, आवाज मोठा, आणि त्यातून सोनीबाई बारीक आवाजात माइकमध्ये पाझरत होत्या.

"गुणवंतराव, घाला ते डोक्यावर! तुमच्याकून जाऊन राह्यली बाई."

"कान गरम होते रे हाफिज."

"गरम होऊ द्या."

कुजबुज गेली. पण लगेच, "हाफिज, आता मी मलेच ऐकू येत नाई! कानात बोळे घातल्यावानी. आंधळ्यावानी बोलू का?"

इंदुताईंनी कपाळ धरलं. हाफिजभाईंचा हात सवयीने पाच नंबरकडे सरकला, बटणापर्यंत पोचला, आणि ते स्वतःच्याच हातावर रागावले. "हट्!"

मग म्हणाले, "बाई, एका कानातलं काढा. एका कानात आमी, एका कानात तुमी. तुमचं तुमच्या तोंडातून डायरेक्ट येईन. ते मी नाई देत आता."

खसखस आवाज झाला. आशाबाई काहीतरी कुजबुजली. आणि सोनीबाई बोलल्या, अडखळल्या नाहीत.

"मी तेव्हा पंधराची होती. वडशाच्या मंडईच्या जत्रेत नाटक होतं, आन् राणी होणारी पोरगी तापानं पडली. मले साडी नेसवली, मोठी झाली, खाली दोन विती लोळत होती. हा गुणवंत तेव्हा द्वारपाल होता."

"प्रधान होतो," गुणवंतराव माइकमध्ये म्हणाले.

"द्वारपाल. भाला उलटा धरला होता. पब्लिक हासली म्हून मायं पयलं वाक्य कोनाले ऐकूच नाई गेलं. मी पुन्हा मन्लं. तवा तुया भाल्याचं टोक माया पदरात अटकलं होतं, खोटं आहे का?"

गुणवंतरावांची भिवई वर गेली आणि वरच राहिली. "नाई. खरं आहे."

मग चाळीस मिनिटं सोनीबाई थांबल्या नाहीत. कुठल्या गावी पडदा नव्हता, कुठे पेट्रोमॅक्स विझला, कुठे नदी उतरताना पेटी भिजली आणि रात्रभर तिचा एक सूर दाबलेलाच राहिला, सगळं नावानिशी. हाफिजभाई अंगठा निळ्या बटणावर दाबून बसले होते, जणू ते आपोआप वर चढेल.

शेवटी इंदुताई पुन्हा पुण्याला गेल्या. "तर श्रोतेहो, वेळेअभावी आपण इथेच..."

"काऊन? मी थकली का?" सोनीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात राजुऱ्याच्या बाजूने खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि आशाबाई, यावेळी वाक्याच्या शेवटी आवाज खाली न आणता, म्हणाली, "आई, मंग त्या बिनपडद्याच्या गावात काय केलं तुमी?"