नोंदणी जन्मभराची, परवाना पाच वर्षांचा

आपल्या शास्त्रकारांना एक शब्द फार प्रिय होता: अन्यूनानतिरिक्त. जे जेवढे आहे तेवढेच सांगणे, त्यात उणे नाही आणि अधिकही नाही. व्याख्या करताना लक्षण थोडे आखूड पडले तर अव्याप्ती, थोडे सैल झाले तर अतिव्याप्ती. या दोन दोषांच्या मधून जी अरुंद वाट जाते तिच्यावरून चालणाऱ्यालाच त्यांनी पंडित म्हटले. ग्रंथात ही वाट सोपी असते, कारण ग्रंथातील घट-पटांसारख्या उदाहरणांवर कोणाचे प्रेम नसते. माणसांची परीक्षा करणाऱ्याला मात्र स्वतःचे मन असते, आणि त्या मनाला कोणीतरी हवेसे असते. हवेसे माणूस समोर आल्यावरही ज्याचे माप ढळत नाही, त्याच्याविषयी मला आदर वाटतो आणि थोडे वाईटही वाटते. अंबिकाबाई मुळे यांची आठवण झाली की या दोन्ही भावना एकदमच येतात.

नगर शहरातील एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात अंबिकाबाईंनी छत्तीस वर्षे काढली. आरंभी परिचारिका, मग तिथल्याच नर्सिंग शाळेत शिक्षिका, आणि शेवटची अकरा वर्षे मेट्रन. लग्न केले नाही. रुग्णालयाच्या आवारातील दोन खोल्या हेच घर. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करायचे ठरले, पण बाईंच्या तोंडी अखेरपर्यंत 'नगर'च राहिले.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना अतिदक्षता विभागासाठी प्रमुख परिचारिकेची जाहिरात निघाली. तिचा मसुदा बाईंचाच. जीएनएम ही परिचर्येची पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी. अर्जाच्या अंतिम दिनांकास नूतनीकरण वैध असलेला परवाना. बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णाला जगवण्याच्या प्राथमिक व प्रगत प्रशिक्षणांची मुदतीतील प्रमाणपत्रे. आणि अतिदक्षता विभागातील पाच वर्षांचा अनुभव. अंतिम दिनांक पंधरा जानेवारी.

छाननीची बाईंची एक पद्धत होती. डाव्या हाताला जाहिरात, उजव्या हाताला बायोडाटा, आणि दोहोंमध्ये एक पट्टी. जाहिरातीतील एक ओळ वाचायची, पट्टी तिच्याखाली सरकवायची, मग उजवीकडे त्या ओळीला उत्तर शोधायचे. उत्तर सापडले तरी खूण लगेच होत नसे. त्या उत्तराच्या पाठीशी कोणता कागद जोडला आहे, त्यावर कोणाची मोहोर आहे आणि कोणती तारीख आहे, हे पाहिल्यावरच पेन्सिल टेकायची. उमेदवाराचे नाव त्या सर्व ओळी संपेपर्यंत कागदाच्या एका चिठ्ठीखाली झाकून ठेवीत.

"मेट्रनबाई," कर्मचारी विभागातील माधव एकदा म्हणाला, "तुम्ही स्थळाची पत्रिकासुद्धा अशीच पट्टी लावून बघाल."

"पाहिली होती," बाई मान वर न करता म्हणाल्या, "म्हणून तर लग्न राहिले."

बारा तारखेला श्रीगोंद्याचा आसाराम स्वतः अर्ज घेऊन आला. अनुभव भक्कम, प्रमाणपत्रे जागच्या जागी, पण परवान्याची मुदत अठरा दिवसांपूर्वी संपलेली. बाईंनी कागद त्याच्याकडे वळवून ती तारीख दाखवली.

"मॅडम, अठरा दिवसांत हात काय शीर शोधायची इसारत्यात व्हय?"

"हात विसरत नाहीत, आसाराम. पण जाहिरातीत हातांविषयी काही लिहिलेले नाही."

"मंग जाहिरातच चुकली म्हना की!" असे म्हणून तो हसला, फाईल काखेत मारली आणि नूतनीकरण झाल्यावर पुढच्या वेळी येण्याचे सांगून गेला. त्याच्या हसण्याने बाईंना बरे वाटले नाही. नियम बरोबर होता आणि माणूसही बरोबर होता. असे दिवस त्यांना जड जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ई-मेलने आलेले अर्ज छापून माधवने टेबलावर ठेवले. तिसऱ्या अर्जावर नेहमीप्रमाणे चिठ्ठी ठेवून बाईंनी पट्टी सरकवली. जीएनएम: याच रुग्णालयाच्या शाळेतून, सन २०११. परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी: आहे. नोंदणी क्रमांकापाशी मात्र बाईंची नजर थांबली. त्या तुकडीच्या चोवीस मुलींचे क्रमांक त्यांनी स्वतःच्या अक्षरात नोंदवहीत उतरवले होते. चिठ्ठी उचलण्याची गरजच उरली नाही. ती निकिता होती.

निकिता दरेकर. ऊसतोडीच्या हंगामात शेतावरून थेट शाळेच्या मुलाखतीला आलेली, पायांना माती तशीच असलेली मुलगी. हातात विलक्षण स्थैर्य आणि डोळ्यांत झोपलेल्या रुग्णाच्याही श्वासाचे भान. शिकवण्याच्या आयुष्यात एखादाच विद्यार्थी असा मिळतो की ज्याला पाहून शिक्षकाला आपले ज्ञान आपल्या पश्चात कुठे राहील हे कळते. तीन वर्षे ती याच अतिदक्षता विभागात होती; मग मस्कतला गेली. निरोप घेताना म्हणाली होती, "दोन वर्षांत येते, मॅडम." त्याला आता नऊ वर्षे होत आली होती. दर गुरुपौर्णिमेला फोन येई, आणि दर फोनच्या शेवटी बाई "कधी येतेस?" असे विचारणे मोठ्या कष्टाने टाळीत.

आणि आता ती येऊ पाहत होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग, कोणाचाही अर्ज असता तर जे केले असते तेच केले: पट्टी पुढच्या ओळीखाली नेली.

एसीएलएस, मुदतीत. बीएलएस, मुदतीत. अतिदक्षतेचा अनुभव जवळजवळ बारा वर्षे, सर्व दाखले जोडलेले. मस्कतचा परवाना चालू. तो इथे उपयोगाचा नव्हता, पण तिची शिस्त सांगत होता. राहिली एकच ओळ. जाहिरातीत होते: 'नूतनीकरण वैध असलेला परवाना'. निकिताने त्यापुढे लिहिले होते: 'नोंदणी आजीवन वैध'. सोबतच्या नूतनीकरण प्रमाणपत्रावरील तारीख होती ३१ डिसेंबर २०१६.

बाईंनी ती तारीख तीनदा वाचली. मग दुपारी, मस्कतमधली पाळी संपण्याचा अंदाज घेऊन, त्यांनी फोन लावला.

"मॅडम! अर्ज मिळाला?" आवाजातला आनंद अगदी उघड होता.

"मिळाला. निकिता, परवान्याचे नूतनीकरण कधी केलेस?"

"नूतनीकरण? इथला तर चालू आहे ना."

"इथला नव्हे. महाराष्ट्राचा."

"पण मॅडम, तो तर जन्मभराचा असतो." ती थोडी हसली. "तुम्हीच सांगितलं होतं. शपथेच्या दिवशी, दिवे हातात असताना. 'मुलींनो, हा क्रमांक आता तुमचा जन्मभराचा आहे.' मी आईलासुद्धा फोन करून सांगितलं होतं."

बाईंना तो दिवस आठवला. दिव्यांच्या उजेडातले चोवीस चेहरे पाहून त्यांच्या तोंडून एक सुंदर वाक्य निघून गेले होते. वाक्य असत्य नव्हते. क्रमांक खरोखरच जन्मभराचा असतो. पण त्या क्रमांकाच्या आधारे काम करण्याची अनुज्ञा पाच वर्षांची असते, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी ती निरंतर शिक्षणाचे श्रेयांक दाखवून पुन्हा मिळवावी लागते. वर्गात त्यांनी हेही शिकवले असेल. पण वर्गातले वाक्य वहीत राहते आणि दिव्यासमोरचे मनात.

"मी सांगितले होते," बाई म्हणाल्या. "पण अर्धेच सांगितले."

पलीकडून अगदी घरच्या बोलीत प्रश्न आला, "मंग आता काय करायचं, मॅडम?"

"आजच ऑनलाईन अर्ज कर. श्रेयांक जमवावे लागतील, विलंबशुल्क भरावे लागेल, पडताळणी होईल. काही महिने जातील."

"आणि शेवटची तारीख?"

"परवा."

माधव दाराशी उभा होता. त्याने शेवटचे बोलणे ऐकले होते. फोन ठेवल्यावर तो आत आला आणि प्रथमच चेष्टा न करता बोलला. "बाई, आपण सशर्त पात्र लिहू. रुजू होईपर्यंत नूतनीकरण आणावे, अशी अट. विश्वस्त तुमचा शब्द मोडणार नाहीत. ही मुलगी तुम्हाला हवी आहे, आणि विभागालाही हवी आहे."

"हवी आहे," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी इतक्या वर्षांत कोणासमोर उच्चारला नव्हता. "फार हवी आहे, माधव. पण आसारामला आपण काल काय सांगितले?"

"अठरा दिवस आणि..."

"त्याचे अठरा दिवस मोठे आणि हिची सहा वर्षे लहान, असे ज्या पट्टीने दिसते ती पट्टी मी पुढच्या मेट्रनच्या हाती कशी देऊ?"

बाईंनी पेन्सिल ठेवून शाईचे पेन घेतले आणि रकान्यात लिहिले: 'अपात्र. परवाना अंतिम दिनांकास वैध नाही.' अक्षर नेहमीसारखेच सुबक आले. त्यानंतर मात्र त्या बराच वेळ खिडकीतून अतिदक्षता विभागाच्या दाराकडे पाहत बसल्या, जणू त्या दारातून कोणी बाहेर येणार होते.

निवड सुप्याच्या पूजाची झाली. मुलगी कष्टाळू होती, कागद निर्दोष होते. बाईंनी उरलेले सगळे दिवस तिला विभाग समजावून देण्यात घालवले, आणि त्यात हात आखडता घेतला नाही. मार्चअखेर त्या निवृत्त झाल्या आणि सावेडीला भावाच्या घरी, मागच्या खोलीत राहू लागल्या.

जूनमध्ये निकिताने फोनवर आपला बायोडाटा पुन्हा पाठवला, आणि सोबत एक छायाचित्र. महाराष्ट्राच्या परवान्याचे नूतनीकरण, पुढील पाच वर्षांसाठी. खाली लिहिले होते: 'झालं, मॅडम. पण इथल्या करारावर मागच्याच महिन्यात सही केली. आता दोन वर्षं.'

त्या दुपारी भावाची सून प्रणिता चहा घेऊन गेली तेव्हा आत्याबाई खाटेवर जुनी जाहिरात पसरून बसल्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"आत्या, आता कोणाची छाननी? निवृत्त झालात की!"

"बस जरा," बाई फोन तिच्या हाती देत म्हणाल्या. "मी वाचते, तू फोनमध्ये बघ. शिक्षण?"

"आहे."

"नोंदणी?"

"आहे."

"परवाना, मुदतीत?"

प्रणिताने छायाचित्र बोटांनी मोठे केले. "आहे. २०२८पर्यंत."

एकेक ओळ पुढे जात होती आणि प्रत्येकीसमोर खूण होत होती. शेवटची ओळ राहिली, अंतिम दिनांकाची. ती बाईंनी वाचली नाही. त्यांनी जाहिरातीची घडी घातली आणि म्हणाल्या, "चहा गार झाला असेल." प्रणिता म्हणाली की ती दुसरा करून आणते. "नको," त्या म्हणाल्या, "हाच चांगला आहे." पण तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात, दोन दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन, अंबिकाबाई गेल्या. निकिताला येता आले नाही. तिचा करार अजून संपायचा होता.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी रुग्णालयाचा अर्जाचा नमुना दुरुस्त करून दिला होता. पूर्वी त्यात नोंदणीसाठी एकच रकाना होता. आता दोन आहेत: 'नोंदणी क्रमांक' आणि 'परवाना नूतनीकरण, दिनांक ... पर्यंत वैध'. नर्सिंग शाळेत शपथेच्या दिवशी आता मुलींना दोन्ही वाक्ये सांगतात.