दुसऱ्या हाताची बाटली

मशीन ओरडलं तेव्हा प्रयोगशाळेतल्या ताईंनी नुकताच ॲप्रन काढला होता. "मेल्या, जरा दम धर," म्हणत त्यांनी तो पुन्हा चढवला. मशीनमध्ये ठेवलेल्या, रुग्णाच्या रक्ताच्या बाटलीत जंतू वाढले की ते कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने बुडाचा रंग पालटतो आणि मशीन तेवढं टिपतं. जंतू कोणते, हे माणसानेच बघायचं.

ताईंनी सुईने थेंब काढून काचपट्टीवर रंगवला, थोडं रक्त जंतू वाढवायच्या प्लेटांवर पसरलं. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोल जंतू दिसले, घोसाघोसाने. त्यांनी वॉर्डला फोन लावला.

"सुई टोचताना आलेले कातडीवरचे असतील हो," डॉक्टर म्हणाला. "आजोबांचा ताप उतरलाय. घरी जायला चपला घालून बसलेत."

"असतीलही. पण दुसऱ्या हाताच्या रक्ताची बाटली अजून गप्प आहे. तोवर बसवून ठेवा."

"तुम्ही या आणि बसवा! माझं कुठे ऐकतात?"

ताई हसल्या आणि पाय चोळत स्टुलावर बसल्या. मनातून त्यांनाही वाटत होतं, दुसरी गप्पच राहावी, म्हणजे सगळेच घरी सुटतील. पण थोड्या वेळाने तीही ओरडली. काचपट्टीवर तेच घोस. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"दोन्ही हातांत तेच आहेत, डॉक्टर. कातडीवर ढकलता येणार नाही."

डॉक्टरने उसासा टाकला. "औषध लगेच चालू करतो. जंतूचं नाव कधी कळेल?"

"उद्या, प्लेटा वाढल्या की. नेमकं औषध त्यानंतर."

पलीकडे आजोबांचा चढलेला आवाज आला. ताईंनी तो पुरता ऐकून घेतला, मगच फोन ठेवला.