भिंतीकडे तोंड केलेलं टेबल

हे बघ, पाल्हाळ तुलाही आवडत नाही आणि मलाही, म्हणून सरळ लिहिते. पंचवीस वर्षं आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधून तू परवा निवृत्त झालीस. निरोपाच्या भाषणांत म्हणे तुझ्या कामाचं भरपूर कौतुक झालं. पण पहिल्याच महिन्यात तुझी नोकरी जाणार होती आणि त्याला हातभार माझाही होता, हे कुणी सांगितलं नसणार. माहीतच नाही कुणाला. तेव्हा मीच सांगते.

तुला महिनाभर पारखून घ्यायचं ठरलं होतं. कामात खोट नव्हती. कणा निखळलेलं पुस्तक तू शिवलंस की कुठून फाटलं होतं ते शोधावं लागायचं. तक्रार वेगळीच होती.

"शिष्ट आहे हो," शिपाई म्हणाला. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. तो कुजबुजला तरी वाचक दचकायचे. "रोज दारातून विचारतो, आलात का? मान वर नाही!"

"अरे, तिला ऐकू येत नाही."

"म्हणून तर ओरडतो!"

ग्रंथपालांचंही तेच. "कामाला चोख आहे, पण माणसांत मिसळत नाही. परवा विचारलं, काही अडचण आहे का, तर नुसती मान हलवली." विचारताना त्यांच्या तोंडात पेन होतं, हे मी पाहिलं होतं. पण समोरच्याचं बोलणं कळलं नाही, तर हसून मान हलवायची आणि सुटका करून घ्यायची, ही तुझी जुनी सवय मला कुठे ठाऊक होती? निर्णय शुक्रवारी होता. मी देवघेवीच्या टेबलावरून म्हणाले, "बघा बाई तुमचं." एवढंच माझं शौर्य.

गुरुवारी मी दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांची पेटी उघडली. बांधणीच्या खोलीतून आलेला प्रत्येक कागद त्या पेटीत टाकायचा आणि महिनाअखेरीस वाचायचा, अशी आमची पद्धत. कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान गेलंय, याशिवाय त्यात दुसरं काय असणार! तुझ्या चार चिठ्ठ्या निघाल्या. पहिलीवर तू आलीस त्याच दिवसाची तारीख होती. 'टेबल दाराकडे वळवा. माणसं दिसत नाहीत.' दुसरी: 'टेबल?' तिसरी: 'मी वळवू का?' चौथीवर अक्षर नव्हतं, नुसतं टेबलाचं चित्र आणि वळलेला बाण. चारही मीच न वाचता पेटीत टाकल्या होत्या. महिनाभर आम्ही सगळे तुझ्या पाठीकडे बघून बोलत होतो आणि वर तुलाच शिष्ट म्हणत होतो.

तशीच उठले, धावत तुझ्या खोलीत आले आणि मागून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू दचकलीस, सुई बोटात गेली. झालं, आणखी एक चूक! तू रागावली नाहीस. मला हाताला धरून समोर उभं केलंस आणि करून दाखवलंस: असं नजरेसमोर यायचं, हात हलवायचा, नाहीतर टेबलावर हलकेच दोनदा थाप मारायची. लाकडातून ती तुला कळते. मग मी ओरडायला लागले. तू ओठांवर बोट ठेवून हसलीस आणि पेन्सिल दिलीस. मी लिहायला घेतलं, 'आपली जी गैरसोय झाली त्याबद्दल...' तू ते खोडलंस आणि खाली लिहिलंस, 'माझ्याकडे बघून बोला. नेहमीसारखं. कळलं नाही तर सांगेन. मग लिहा. थोडं.'

महिनाभर पुस्तकांना खळ लावणाऱ्या बाईने मला, पदवीधर बाईला, थोडं लिहायला शिकवलं!

भोंग्याला बोलावून टेबल तिघांनी वळवलं. शुक्रवारी सकाळी तो दारात आला, सवयीने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तुझाच हात वर गेला. मग भुवया उंचावून अंगठा दाखवलास: बरं आहे ना? भोंगा गोंधळला. त्याने अंगठा दाखवला आणि हाताचा कप करून ओठांना लावला: चहा? तू मान हलवलीस, यावेळी खरीखुरी, आणि हनुवटीपासून हात पुढे नेऊन आभार मानलेस.

"अहो, बोलते की ही!" तो ओरडला.

ग्रंथपाल कागद घेऊन आले. तू हात वर केलास, तर त्यांनी मागे कोण आहे ते वळून पाहिलं. मी त्यांच्या तोंडातलं पेन काढलं आणि म्हटलं, "आता विचारा, तिच्याकडे बघून." त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का? तू लिहिलंस, 'होती. काल गेली.' ते हसले आणि तिथेच, तुझ्या टेबलावर कागद ठेवून, तुला कायम केल्याची सही केली.

त्याच दिवशी तू मला नाव दिलंस: मनगटावर दोन बोटांची टिचकी. सारखी घड्याळ बघते ती बाई. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडले असते.

माझा फाटका शब्दकोश बांधायला आणते म्हणाले, तेही त्याच आठवड्यात. तू निळं कापड कापूनही ठेवलंस. नंतर रोज सकाळी तू दोन तळवे पुस्तकासारखे उघडून भुवया उंचवायचीस आणि मी हात पुढे नेऊन सांगायची: उद्या. मी निवृत्त झाले त्या दिवशीही तेच सांगितलं. शब्दकोश अजून माझ्या कपाटात आहे, दोरीने बांधलेला. कापड तुझ्याकडेच असेल.