सेटिंगमध्ये false, तरी ढोल फिरला

कुरुंद्याच्या हळद कारखान्यात हळकुंडं फिरवून घासणारा पॉलिशचा ढोल चालवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. प्रोग्राम सुरू झाला की ढोलही सुरू व्हायचा. साफसफाईच्या दिवशी मी सेटिंगच्या फाइलमध्ये ‘आपोआप सुरू’च्या पुढचं true, म्हणजे ‘हो’, खोडून false, म्हणजे ‘नाही’, लिहिलं.

ढोलावर काम करणारे मामा म्हणाले, “ताई, मेन स्विच पाडू का?”

“काहून? माझ्यावर भरवसा न्हाई?”

“तुमच्यावर हाय, मशीनवर न्हाई,” म्हणत ते स्विच न पाडताच खांद्यापर्यंत ढोलात वाकले. मग झाडू आणायला बाहेर आले. तेवढ्यात नवी सेटिंग लागू व्हावी म्हणून मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि रिकामा ढोल धडधडत फिरू लागला.

मामा झाडू धरून तसेच उभे राहिले. मी धावत जाऊन बंदचं बटण दाबलं.

फाइलमधलं सगळं प्रोग्रामकडे मजकूर म्हणून येतं. माझा प्रोग्राम फक्त ‘काही लिहिलंय का’ एवढंच तपासत होता. false हाही लिहिलेला मजकूरच, म्हणून तो ‘हो’ धरला गेला. आजवर तिथे true असल्यामुळे चूक दिसलीच नव्हती.

आता प्रोग्राम शब्द true आहे की false, हेच तपासतो. तरी साफसफाईला मामा मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावतात; किल्ली त्यांच्या खिशात असते आणि मी ती मागत नाही.