गाय माजावर, घर चर्चेत

निरवांगीच्या आमच्या घरी नव्वदीच्या सुरुवातीला एकच गाय होती, खिलार, आणि तीही भाकड. तिच्याबद्दल ठाम मतं आजोबांना आणि वडिलांना होती. वैरण आई आणायची, म्हणून तिला मत विचारायची पद्धत नव्हती.

गाय माजावर आली की जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर नायट्रोजनचं भांडं बांधून यायचे. त्यात खिलार वळूच्या वीर्याच्या कांड्या असायच्या, जर्सीच्याही. ते विचारायचे, "कुठली भरू?" झालं! घरात विधानसभा भरायची.

"खिलारच," आजोबा म्हणायचे. "उन्हात हुबं ऱ्हातं, कडब्यावर जगतं. जर्सीच्या खोंडाला वशिंड न्हाय, जू कशावर ठेवनार?"

"आबा, बारामतीकडं बघा," वडील म्हणायचे. "जर्सीच्या कालवडी बादली भरत्यात. आपली वासरापुरतं देती."

"आन् गोचीडताप आला मंजी? उन्हाळ्यात धापा टाकाय लागली, की तिच्यासाठी पंखा आननार?"

"इंजेक्शनं हायती की. हिरवा चाराबी लावू."

चारा लावू म्हणणाऱ्यानं हयातीत विळा धरला नव्हता. डॉक्टर दोन कप कोरा चहा पिऊन जायचे, कारण घरात दूध नव्हतं. चर्चा संपेपर्यंत माज ओसरायचा. पुढचा माज तीन आठवड्यांनी. तोवर आई भाकड गायीला उसाचं वाढं घालणार आणि हे दोघं मुद्दे जमवणार.

असं दोनदा झालं. डेअरीला घालण्याइतकं दूध निघावं, एवढीच आईची इच्छा होती. आज गायीच्या पोटात जर्सीची कालवड राहिली, तरी ती दुधावर यायला तीन वर्षं लागणार. चर्चेत वाया गेलेला प्रत्येक माज तिला टोचायचा, आणि तिचं ते बरोबरच होतं.

तिसऱ्यांदा गाय माजावर येऊन हंबरली ती संध्याकाळी, गोठ्यात आई एकटी असताना. आईनं ही बातमी घरात नेलीच नाही. सकाळी दोघं रानात गेल्यावर तिनं फेरीवर आलेल्या डॉक्टरांना रस्त्यावरच थांबवलं आणि गोठ्यात नेलं.

इकडं चर्चेला मात्र फळ आलं. वडील नमले, खिलारवर एकमत झालं, आणि दोघं माजाची वाट बघत बसले. महिना गेला, दोन गेले. गाय निवांत रवंथ करत होती. भाकड गायीची भूक एकाएकी का वाढली, हे दोघांपैकी एकालाही कळलं नाही. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर आले, त्यांनी हात घालून तपासलं आणि गाभण असल्याचं सांगितलं.

"कशाची?" आजोबांनी विचारलं.

"जर्सीची, मामंजी," आई पदर सावरत म्हणाली.

"आन् आमाला न इचारता?"

"डाक्टरांनी दोन डाव इचारलं की. तवा तुमी ठरवत व्हता."